फुटलेला पत्रा आणि ताडपत्री

प्रश्न: लखनौत आमच्या गच्चीवरच्या खोलीचा सिमेंटचा पत्रा वादळात फुटला. मिस्त्री चार दिवसांनी येणार. तोवर काय करावे?

उत्तर: वारा थांबल्यावरच शिडी लावा. पत्र्यावर पाय देऊ नका, तो अचानक फुटतो. ताडपत्री नुसती भोकावर टाकली तर वरच्या कडेखालून पाणी शिरते. म्हणून ती आढ्यावरून पलीकडे तीन फूट उतरवा. तिची कड लाकडी पट्टीभोवती दोनदा गुंडाळा आणि पट्टी स्क्रूने वाशाला आवळा. नुसत्या खिळ्यांनी ताडपत्री फाटते. मधल्या पट्ट्या उताराच्या दिशेने लावा, आडव्या लावल्यास पाणी तुंबते. सीलिंग टेप बारीक चिरांपुरतीच वापरा. जागा पुसून कोरडी केल्याशिवाय ती धरत नाही.