रिपोर्टमधला ‘हर्निया’ आणि तुमची जळजळ

एंडोस्कोपी करून आलेला माणूस रिपोर्टची शेवटची ओळ सर्वांत आधी वाचतो. तिथे ‘माइल्ड अँट्रल गॅस्ट्रायटिस, स्मॉल हायटस हर्निया’ असं लिहिलेलं असतं आणि मग घरात दोनच प्रश्न उरतात: ऑपरेशन कधी करायचं आणि पित्ताची गोळी आता जन्मभर घ्यायची का? दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच हट्टी समजूत असते, की दुर्बिणीत जे दिसलं तेच माझ्या त्रासाचं कारण. या समजुतीपायी लोक नको ते उपचार घेतात आणि रिपोर्टमधल्या खरोखर महत्त्वाच्या ओळींकडे ढुंकूनही पाहत नाहीत.

नेहमी दिसणारा एक रिपोर्ट घेऊ. त्यात अन्ननलिकेसमोर लिहिलंय: ‘झेड लाइन ३६ सेमी, हायटस ३८ सेमी, नो इसोफेजायटिस’. दुर्बिणीच्या नळीवर सेंटिमीटरच्या खुणा असतात आणि हे अंतर पुढच्या दातांपासून मोजतात. अन्ननलिकेचं फिकट अस्तर संपून जठराचं तांबूस अस्तर जिथे सुरू होतं ती झेड लाइन. छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वासपटलाचा स्नायू असतो. त्यात अन्ननलिका खाली उतरण्यासाठी जी फट असते ती हायटस. एरवी या दोन्ही जागा जवळपास एकाच पातळीवर असतात. इथे दोन सेंटिमीटरचा फरक आहे, म्हणजे जठराचा वरचा भाग तेवढा वर सरकलाय. तुमचा हर्निया तो एवढाच. श्वासागणिक, उमासा आला की किंवा तपासणीत आत हवा भरली की ही मापं हलतात, त्यामुळे असा लहान हर्निया एका रिपोर्टमध्ये असतो आणि दुसऱ्यात नसतोही. जांघेतल्या हर्नियात आतडं अडकून पिळवटतं, जीवावर बेततं, हे लोकांनी ऐकलेलं असतं आणि तीच भीती इथे आणली जाते. हा वरखाली सरकणारा प्रकार तसा अडकत नाही. ‘लार्ज’, ‘रोलिंग’ किंवा ‘पॅराइसोफेजियल’ असे शब्द असतील तर गोष्ट वेगळी. तेव्हा सर्जनला जरूर भेटा. पण ‘स्मॉल’ लिहिलं असेल आणि त्रास गोळ्यांनी आटोक्यात राहत असेल, तर केवळ तो शब्द वाचून कुणी टेबलवर झोपायला निघू नये. कोमट पाणी पिऊन टाचांवर दाणकन उड्या मारायच्या किंवा पोट चोळून जठर खाली ओढायचं, असे व्हिडिओही बंद करा. आतलं जठर बाहेरून चोळून जागेवर बसवता येत नाही.

आता जठराची ओळ: ‘अँट्रममध्ये पॅची एरिथिमा’. म्हणजे जठराच्या खालच्या भागात ठिकठिकाणी लालसर डाग दिसले. इथेच लोक फसतात. कॅमेऱ्याला रंग दिसतो. खरी सूज आहे की नाही हे तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच ठरतं. या दोन्हींचा मेळ पुष्कळदा बसत नाही. लाल दिसलेलं अस्तर तपासणीत जवळपास ठीक निघतं आणि नितळ दिसलेल्या अस्तरात सूज सापडते. म्हणून ‘माइल्ड गॅस्ट्रायटिस’ हे तुमच्या आजाराचं नाव समजू नका, तपासणाऱ्याने केलेलं ते एक निरीक्षण आहे. विचारायचं ते त्यामागचं कारण. गुडघ्यासाठी, डोक्यासाठी दुकानातून परस्पर आणलेल्या डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या चालू आहेत का? त्या चालू ठेवून वर पित्ताची गोळी घेणं म्हणजे नळ सुरू ठेवून फरशी पुसणं आहे. आणि जठरात हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू आहे का?

या जंतूचं उत्तर रिपोर्टच्या तळाशी, कुणी न वाचलेल्या ओळीत असतं: ‘आरयूटी निगेटिव्ह’. तपासणीत अस्तराचा छोटा तुकडा एका द्रावात किंवा पट्टीवर ठेवतात. जंतू असेल तर त्याच्या विकरामुळे रंग बदलतो. पण पॅन्टोप्राझोलसारखी गोळी चालू असेल तर जंतू असूनही रंग न बदलण्याची शक्यता राहते. त्यासाठी ही गोळी तपासणीआधी दोन आठवडे आणि अँटिबायोटिक चार आठवडे बंद असावी लागते. आपल्याकडे माणूस महिनोन्‌महिने स्वतःच्या मनाने पॅन्टोप्राझोल घेत असतो, तपासणीच्या आदल्या दिवशीही घेतो आणि कुणाला सांगत नाही. अशा वेळी त्या ‘निगेटिव्ह’वर विसंबता येत नाही, श्वासाची किंवा शौचाची तपासणी नीट अंतर ठेवून करावी लागते. मात्र अल्सर असेल किंवा हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर डॉक्टरांना न विचारता पित्ताची गोळी थांबवू नका. बायोप्सी घेतली असेल तर तिचा कागद काही दिवसांनी येतो. तो आणायला विसरणारे फार, आणि याचा मला खरंच राग येतो. ‘अ‍ॅट्रॉफी’ किंवा ‘इंटेस्टायनल मेटाप्लेझिया’ हे शब्द असतील तर ते त्याच कागदावर असतात आणि पुढे लक्ष ठेवायचं की नाही हे त्यावर ठरतं.

यावर कुणी विचारेल, “हर्निया क्षुल्लक, लाली किरकोळ, मग माझी जळजळ खोटी का?” मुळीच नाही. आम्लाच्या उलट्या प्रवाहाने जळजळ होणाऱ्या बहुसंख्य लोकांची अन्ननलिका दुर्बिणीत नितळच दिसते. ‘नो इसोफेजायटिस’ याचा अर्थ आम्लाने दिसण्याजोगी जखम केलेली नाही, एवढाच. जखम असती तर तिथे ए ते डी अशी ‘एलए ग्रेड’ लिहिली असती; सी किंवा डी असेल तर उपचार लांबतो आणि पुन्हा पाहावंही लागतं. लहान हर्नियाने आम्ल वर यायला थोडी वाट मिळते हे खरं, पण ते रोखायला गोळी नीट घेणं, वजन उतरवणं, रात्रीचं जेवण झोपेच्या तीन तास आधी उरकणं आणि पलंगाची डोक्याकडची बाजू पाऊण वीत उचलणं बहुतेकांना पुरतं. गोळी नाश्त्याच्या अर्धा तास आधी घ्यायची. ती घेऊन दुपारपर्यंत उपाशी राहिलात तर निम्मं काम वाया. साधारण चार ते आठ आठवड्यांनी ती कमी करता येते का, हे डॉक्टरांना विचारा. एकदम सोडल्यावर काही दिवस आम्ल उसळून येतं, त्यावरून ‘मला जन्मभर लागणार’ असा निष्कर्ष काढू नका.

या रिपोर्टचा आधार मात्र कुठवर घ्यायचा याला मर्यादा आहे. घास अडकू लागला, न ठरवता वजन घटलं, रक्ताची उलटी झाली, हिमोग्लोबिन उतरलं किंवा डांबरासारखी काळी, चिकट शौच झाली, तर ‘माझा तर रिपोर्ट माइल्डच आहे’ म्हणून थांबू नका. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, तेव्हा त्या चालू असतील तर तेही सांगा. दुर्बीण हृदय पाहत नाही. चालताना किंवा जिना चढताना छाती आवळली, दुखणं जबड्याकडे, डाव्या हाताकडे गेलं, दरदरून घाम फुटला, तर तो हर्निया नाही आणि वर चढलेला गॅसही नाही असं धरून लगेच इसीजी काढायला जा, आणि सोडा किंवा ओवा घेऊन वाट बघत बसू नका.