पेनाची खूण

इंटर्नशिपच्या दुसऱ्या महिन्यातली गोष्ट. तिशीतला एक शेतमजूर तीन आठवड्यांचा खोकला आणि संध्याकाळी चढणारा ताप घेऊन आमच्या ग्रामीण रुग्णालयात आला. एक्स-रेचं यंत्र त्या दिवशी बंद होतं. मी छाती ठोकून पाहिली. उजवीकडे पुढून पाचव्या बरगडीपासून आणि बगलेच्या रेषेत सातवीपासून आवाज बद्द येत होता. पुस्तकात सहावी आणि आठवी पाठ केलेली. म्हणजे एक बरगडी वर, म्हणजे पाणीच! बगलेत आठव्या फटीवर पेनानं खूण केली आणि सरांना म्हणालो, "टॅपिंगची तयारी करू का?"

सरांनी सुईकडे पाहिलंही नाही. विचारलं, "पहिली बरगडी कोणती धरलीस?"

मी गळ्याच्या हाडाखाली बोटाला लागलेली पहिली बरगडी दाखवली.

"ती दुसरी आहे. पहिली त्या हाडाआड दडलेली असते."

मग त्यांनी माझं बोट मानेच्या खळगीतून छातीच्या मधल्या हाडावर खाली सरकवलं. साधारण पाच सेंटीमीटरवर एक आडवा उंचवटा लागला, तो स्टर्नल अँगल. त्याला बाजूनं जोडलेली असते ती दुसरी बरगडी. तिथून मोजलं तेव्हा माझी पाचवी सहावी निघाली आणि सातवी आठवी. बद्दपणा होता तिथेच होता, आणि तो यकृताचा होता. पेनाची खूण आठव्या नव्हे, नवव्या फटीवर होती.

एका बरगडीनं काय बिघडलं असतं, हे कळायला दोन कडा वेगळ्या समजून घ्याव्या लागतात. शांत श्वासात फुप्फुसाची खालची कड पुढे गळ्याच्या हाडाच्या मध्यातून उतरणाऱ्या रेषेत सहाव्या बरगडीवर, बगलेत आठवीवर आणि पाठीत कण्याजवळ दहावीवर असते. त्याचं आवरण, प्लुरा, प्रत्येक ठिकाणी दोन बरगड्या खाली जातं: आठवी, दहावी, बारावी. मधल्या पट्ट्यात फुप्फुस नसतं. आवरणाचे दोन थर एकमेकांना टेकलेले असतात, त्यांच्या आत श्वासपटल आणि उजवीकडे त्यालाच लागून यकृत. दीर्घ श्वास घेतला की फुप्फुस या मोकळ्या जागेत उतरतं. पाणी साचू लागतं तेही आधी इथेच. माझ्या रुग्णात पाणी नव्हतं, त्यामुळे त्या खुणेतून गेलेली सुई प्लुरा आणि श्वासपटल ओलांडून थेट यकृतात शिरली असती. यकृताचा तुकडा तपासायला काढतात तेव्हा सुई याच भागातून मुद्दाम घालतात, आणि रुग्णाला श्वास सोडून धरायला सांगतात, म्हणजे फुप्फुस वर राहतं.

सरांनी आणखी एक गोष्ट दाखवली. बद्दपणा सुरू होतो तिथे बोट ठेवून त्यांनी रुग्णाला सांगितलं, "मोठा श्वास घ्या आणि धरून ठेवा." पुन्हा ठोकल्यावर तिथला आवाज मोकळा झाला आणि बद्दपणाची कड दोन-तीन बोटं खाली गेली. खाली यकृत असेल तर ती अशी सरकते, पाणी असेल तर सहसा सरकत नाही. पण ही परीक्षा आंधळेपणानं वापरू नका. यकृतात गळू झालं असेल किंवा दुखण्यामुळे रुग्ण श्वासच घेत नसेल, तर श्वासपटल हलत नाही आणि पाणी नसतानाही कड जागीच राहते. उलट जुन्या धूम्रपान करणाऱ्याची फुप्फुसं फुगलेली असतात, त्याच्यात यकृताचा बद्दपणा सहावीच्या बराच खाली सापडतो.

मग ताप कशाचा? सरांनी उजव्या गळ्याच्या हाडाच्या वर, आतल्या बाजूला, बोट ठेवून ठोकलं. तिथे आवाज डावीपेक्षा बद्द होता. स्टेथोस्कोप ठेवून त्याला खोकायला लावलं तेव्हा नंतरच्या श्वासात बारीक करकर ऐकू आली. फुप्फुसाचं टोक या हाडाच्या सुमारे अडीच सेंटीमीटर वर, मानेच्या मुळाशी पोचतं, आणि क्षयाची आवडती जागा तीच. मी तिथे ठोकलंच नव्हतं. जिथे फुप्फुस नाही तिथे मी रोग शोधत होतो आणि जिथे आहे तिथे हात नेला नव्हता. थुंकीत क्षयाचे जंतू सापडले.

तेव्हापासूनचा माझा क्रम असा: आधी स्टर्नल अँगल, तिथून दुसरी बरगडी, मग तिरकस खाली मोजणी; दोन्ही बाजूंची तुलना; ठोकताना गळ्याच्या हाडावरची जागा सगळ्यात आधी; आणि तळाशी बद्द लागलं की श्वास धरायला लावून पुन्हा. सोनोग्राफी असेल तर पाणी आणि श्वासपटल पाहिल्याशिवाय सुई नाही. पेनाची खूण मात्र अजूनही करतो, पण बरगडी दोनदा मोजून.