सोलापूरच्या उन्हात ‘ड’ जीवनसत्त्वाची उणीव का?

‘ड’ जीवनसत्त्व कमी आहे असे सांगितले की बहुतेक रुग्ण चकित होतात. ‘डॉक्टर, सोलापुरात आणि उन्हाची कमतरता?’ हा त्यांचा प्रश्न रास्तच आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर जातो. परंतु गावात ऊन किती पडते आणि आपल्या कातडीवर ते कोणत्या वेळी, किती पडते, या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

प्रथम हे जीवनसत्त्व शरीरात काय करते ते पाहू. उन्हातील अतिनील किरणांपैकी ‘ब’ प्रकारचे किरण कातडीवर पडले की तेथील एका स्निग्ध पदार्थापासून ‘ड’ जीवनसत्त्व तयार होते. मात्र ते कच्च्या मालासारखे असते. रक्तावाटे ते यकृतात जाते, तेथे त्यात पहिला बदल होतो. मग मूत्रपिंडात दुसरा बदल होऊन ते कामाला लागते. त्याचे मुख्य काम म्हणजे अन्नातील कॅल्शियम आतड्यातून रक्तात ओढून घेणे. हे जीवनसत्त्व पुरेसे असेल तर खाल्लेल्या कॅल्शियमचा सुमारे तिसरा हिस्सा रक्तात शोषला जातो. नसेल तर जेमतेम दहावा ते सातवा. म्हणजे दूध पिऊनही त्यातील बराच चुना वाया जातो.

रक्तातील कॅल्शियम कमी होऊन चालत नाही, कारण हृदय आणि स्नायू त्यावर चालतात. म्हणून गळ्यातील पॅराथायरॉइड ग्रंथी हाडांतून कॅल्शियम काढून रक्ताची गरज भागवतात. शिवाय त्या लघवीवाटे फॉस्फरस बाहेर टाकायला लावतात. परिणामी नवीन हाडाचा प्रथिनांचा सांगाडा तयार होतो, पण त्यावर क्षार बसत नाहीत. आपल्या विणकरांच्या भाषेत सांगायचे तर सूत आहे, पण त्याला खळ नाही! असे हाड मऊ राहते. लहान मुलांत यालाच मुडदूस म्हणतात. पाय धनुष्यासारखे वाकतात. मोठ्या माणसांत हाडे दुखतात आणि स्नायू दुबळे होतात. या विकाराला ऑस्टिओमलेशिया म्हणतात.

नाशिकची जुनी नोंद

केवळ भरपूर ऊन असून भागत नाही, हे महाराष्ट्रातच शंभर वर्षांपूर्वी दिसून आले होते. हचिसन आणि शहा यांनी नाशिक येथील मुडदुसाचा अभ्यास १९२२ साली प्रसिद्ध केला. पडद्याची चाल असलेल्या सुखवस्तू घरांतील बायकामुलांत हाडांचा हा विकार त्यांना आढळला. उलट साधे, निकृष्ट अन्न खाणाऱ्या, पण दिवसभर बाहेर राबणाऱ्या गरीब कुटुंबांत तो फारसा नव्हता. खाणेपिणे चांगले असूनही घराच्या भिंतींनी ऊन अडवले होते.

आज पडदा कमी झाला असला तरी भिंती आहेतच. चौतीस वर्षांच्या एका विडी कामगार बाईंचे उदाहरण घ्या. त्या सकाळी सातच्या सुमारास विड्या द्यायला जातात, पाने आणि तंबाखू घेऊन आठपर्यंत घरी परततात आणि संध्याकाळपर्यंत खोलीत सूप मांडीवर घेऊन बसतात. वर्षभर त्यांची कंबर, मांड्या आणि नडग्या दुखत होत्या. ‘वात असेल’ म्हणून त्या दुखण्याच्या गोळ्या घेत. तपासणीत सांध्यांना सूज नव्हती, पण नडगीचे हाड अंगठ्याने दाबले की त्या कळवळत. खाली बसल्यावर हात टेकल्याशिवाय त्यांना उठता येत नव्हते आणि चालताना त्या बदकासारख्या डुलत. या खुणा संधिवाताच्या नव्हेत, मऊ हाडांच्या आहेत.

रक्तात कॅल्शियम ८.१ आणि फॉस्फरस २.२, म्हणजे दोन्ही कमी होते. अल्कलाइन फॉस्फटेज मात्र ३९० म्हणजे कितीतरी वाढलेले होते. क्षार न मिळणारे हाड ते अधिक प्रमाणात तयार करते. ‘ड’ जीवनसत्त्व अवघे ६ नॅनोग्रॅम होते. वीसच्या वर असले तर बहुतेकांना ते पुरेसे ठरते. बाराच्या खाली असल्यास निश्चित उणीव समजतात.

कोवळे ऊन का पुरत नाही?

या बाई रोज तासभर बाहेर चालत होत्या, मग असे का? कारण सकाळी सातला सूर्य खाली असतो. किरण हवेच्या जाड थरातून तिरपे येतात आणि उपयोगाचे ‘ब’ किरण वाटेतच गळून जातात. बाळाला कोवळ्या उन्हात धरण्याची आपली पद्धत उबेसाठी चांगली आहे, पण तिने हे जीवनसत्त्व फारसे मिळत नाही.

यासाठी एक सोपी खूण आहे. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हा ऊन कामाचे समजावे. सोलापुरात डिसेंबरात ही वेळ साधारण सव्वाअकरा ते दीड एवढीच असते. मे महिन्यात ती सव्वानऊच्या सुमारास सुरू होते, त्यामुळे उन्हाळ्यात दुपारची वाट पाहू नये. उष्माघाताचा धोका असतो. आपल्या सावळ्या कातडीला हातपाय उघडे ठेवून साधारण अर्धा तास, आठवड्यातून चार-पाच दिवस ऊन लागते. खिडकीच्या काचेतून हे किरण आत येत नाहीत. उतारवयात कातडीची हे जीवनसत्त्व बनवण्याची शक्तीही घटते.

अन्नाची मदत मर्यादित आहे. अंड्याचा बलक आणि तेलकट मासे यांत ते असते. साध्या दुधात फारच थोडे. ‘ड’ जीवनसत्त्व मिसळलेले दूध व तेल आता मिळते, ते घ्यावे. प्रौढांची रोजची गरज ६०० युनिट मानली आहे.

उपचार आणि इशारा

या बाईंना ६० हजार युनिटची पुडी आठवड्यातून एकदा, जेवणानंतर, अशी आठ आठवडे दिली. सोबत रोज कॅल्शियमच्या गोळ्या. महिन्याभरात त्या हात न टेकता उठू लागल्या. हाडांचे दुखणे थांबायला मात्र तीन महिने लागले, कारण हाडात क्षार भरायला वेळ लागतो. पुढे महिन्याला एक पुडी चालू ठेवली.

पुडी आठवड्याची असते, रोजची नव्हे. ही चूक घराघरांत होते. हे जीवनसत्त्व चरबीत साठते, लघवीवाटे सहज निघून जात नाही. अति झाले की रक्तातील कॅल्शियम वाढते. मळमळ, बद्धकोष्ठता, फार तहान, वारंवार लघवी आणि भ्रम ही त्याची लक्षणे आहेत. मूत्रपिंडालाही इजा होते. मुतखडा किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊ नये.

धडधाकट माणसाने उगाच ही महागडी तपासणी करण्याची गरज नाही. परंतु हाडे दाबल्यावर दुखत असतील, जिना चढताना वा खालून उठताना मांड्यांत जोर राहत नसेल, मुलाचे पाय वाकत असतील, तर ‘वात’ म्हणून दुखण्याच्या गोळ्यांवर दिवस काढू नयेत. त्या गोळ्या दुखणे झाकतात, हाड भरून काढीत नाहीत. मिरगीच्या काही गोळ्या वर्षानुवर्षे घेणाऱ्यांतही हे जीवनसत्त्व कमी होते. त्यांनी मिरगीच्या गोळ्या बंद न करता डॉक्टरांकडून एकदा तपासून घ्यावे.