हा लाख कुठल्या दिवशीचा?

अगं, काल तुझ्या पोटात गोळा आला, त्यात घाबरटपणा काही नाही. उसाच्या बिलातून मागे टाकलेला पैसा आहे तो. काल, लोकसभेच्या निकालाच्या दिवशी, 4 जून 2024 ला, सेन्सेक्स 4,390 अंकांनी कोसळला, म्हणजे शंभराला पावणेसहा रुपये. लाखाचे चौऱ्याण्णव हजार झालेले दिसले की कुणालाही धस्स होईल.

पण तो लाख कुठल्या दिवशीचा होता, ते बघ. सोमवारी एक्झिट पोलच्या भरात बाजार 2,507 अंकांनी वर गेला होता आणि मंगळवारी तो त्या उंचीवरून पडला. आधीच्या शुक्रवारी, 31 मे रोजी, सेन्सेक्स 73,961 वर बंद झाला होता. काल 72,079 वर. शुक्रवारी तुझे लाख असतील, तर आज साडेसत्त्याण्णव हजारांच्या आसपास आहेत. अडीच हजार गेले, ते लागणारच मनाला. सहा हजारांतले बाकीचे सोमवारी आले आणि मंगळवारी गेले. तुझा पैसा इंडेक्स फंडात आहे म्हणून हा हिशेब जुळतो. एकाच कंपनीचे शेअर असते तर मी आधी त्या कंपनीची चौकशी करायला सांगितलं असतं.

आणखी पडेल का? पडू शकतो. 2020 च्या मार्चमध्ये बाजार कोसळला, तेव्हा जुनी उंची त्याच नोव्हेंबरात परत आली. पण जानेवारी 2008 ची उंची परत दिसायला नोव्हेंबर 2010 उजाडला. म्हणून आज वही घेऊन बस आणि कुठला पैसा कधी लागणार ते लिही. तुमच्या राहू गावात जुलैत आडसालीची लागण सुरू होईल, बेणं-खत आलं, पोरीची फी आली. ती रक्कम याच फंडात असेल तर तेवढी काढ, भाव पडलेला असला तरी. आधी एक्झिट लोड बघून घे. आणि सकाळी मोबाइलवर दिसतो तो भाव मिळत नाही बरं. दुपारी तीनच्या आत अर्ज गेला तर त्या दिवशीचा बंद भाव लागतो, नंतर गेला तर पुढच्या कामाच्या दिवसाचा.

पाच-सात वर्षं न लागणाऱ्या पैशाला हात लावू नकोस, एसआयपीही चालू ठेव. फंडाचा भाव पन्नास असताना दोन हजारांत चाळीस युनिट येतात. चाळीसवर आला की पन्नास येतात.

एक मात्र विचारते. भाऊजींनी ऑप्शनमध्ये किंवा कुणाकडून उसने घेऊन काही लावलंय का? तसं असेल तर यातलं काहीच तिथे लागू नाही. ऑप्शनची मुदत संपते, मग थांबायला जागा उरत नाही. आज संध्याकाळी दोघं मिळून मला फोन करा, मी रागावणार नाही.