अर्जाच्या पहिल्या ओळीबद्दल

बाबू, साकोलीला असो की पवनीला, तहसिलीत अर्ज द्यायला जाशील तेव्हा आधी विषयाची ओळ लिही. आवक टेबलावरचा कारकून तीच ओळ वाचून अर्ज कोणत्या शाखेत धाडायचा ते ठरवतो. “मी आपल्या चरणी अत्यंत नम्रपणे विनंतीपूर्वक अर्ज सादर करतो की, मी एक गरीब अल्पभूधारक शेतकरी असून…” एवढं वाचूनही काम कळत नाही. मग अर्ज चुकीच्या टेबलावर पडून राहतो.

समज, संगणकीकृत सातबाऱ्यावर ‘मेश्राम’चं ‘मेश्रम’ झालंय आणि आधारभूत केंद्रावर धानाची नोंदणी अडली आहे. मग असं लिही:

“प्रति, मा. तहसीलदार साहेब. विषय: सातबाऱ्यावरील आडनावाची दुरुस्ती, महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966, कलम 155. महोदय, मौजा अमुक, गट क्रमांक अमुकच्या सातबाऱ्यावर माझे आडनाव ‘मेश्रम’ असे पडले आहे. जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यात व फेरफारात ते ‘मेश्राम’ आहे. दोन्हींच्या नकला जोडल्या आहेत. दुरुस्ती व्हावी, ही विनंती.”

‘मा.’, ‘साहेब’, ‘महोदय’ आणि शेवटची एक विनंती ठेवायचीच. ती आपली रीत आहे, आणि ती गाळली तर अर्ज उर्मट वाटतो. चरण, दया, गरिबी मात्र काढ. लेखनातली चूक दुरुस्त करून मागणं हा तुझा हक्क आहे, त्याला उपकाराचं रूप देऊ नकोस. आणि भाऊबंदकीत जमीन कोणाची हाच वाद असेल, तर कितीही हात जोडलेस तरी तो 155 मध्ये सुटणार नाही.

माहितीच्या अधिकारात तर अजून कमी लिही. आपल्या राज्याच्या नियमांत विनंती एकाच विषयाची आणि साधारणपणे 150 शब्दांच्या आत असावी लागते. नम्रतेच्या दोन ओळींत त्यातले वीस-पंचवीस शब्द जातात. माहिती कशाला हवी, हेही सांगावं लागत नाही. सांगितलंस तर उगाच त्यावरच बोलणं वाढतं.

पण एके ठिकाणी सविस्तर विनवायला लाजू नकोस. फेरफाराविरुद्ध उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील करायची मुदत 60 दिवसांची असते. ती टळली, तर उशीर माफ करणं त्यांच्या मर्जीवर असतं आणि त्यांना पुरेसं कारण लागतं. तिथे “विलंब माफ व्हावा, अशी नम्र विनंती” हे शब्द पूर्ण लिही, आणि लगेच खाली आजारपणाच्या तारखा दे: दवाखान्यात कधी भरती झालास, सुट्टी कधी मिळाली, आदेश कधी कळला. दवाखान्याचं कार्ड जोड. तारखांशिवायची नम्रता तिथेही चालत नाही.

अर्ज दोन प्रतींत ने. दुसरीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नकोस.