घसा दुखला तर कार्बिमाझोल थांबवा

फार्माकॉलॉजीच्या परीक्षेत थायरॉइडच्या औषधांवर हमखास प्रश्न असतो. पाठ करण्याआधी एक रुग्ण डोळ्यांसमोर आणा. बत्तीस वर्षांची बाई, ग्रेव्हज आजार, वजन घटलेलं, हात थरथरताहेत. कार्बिमाझोल सुरू होऊन पाच आठवडे झालेत आणि आज ती ताप आणि घसादुखी घेऊन आली आहे.

कार्बिमाझोलचं शरीरात मेथिमाझोल होतं आणि ते थायरॉइड पेरॉक्सिडेज हे एन्झाइम अडवतं. त्यामुळे नवं हार्मोन बनत नाही. ग्रंथीत आधीच साठलेलं मात्र बाहेर पडत राहतं, म्हणून गुण यायला तीन-चार आठवडे लागतात. तोवर धडधड आणि थरथर प्रोप्रानोलॉलने आवरायची. प्रोपिलथायोयुरासिल याशिवाय शरीरात टी४ चं टी३ होणंही कमी करतं. ते यकृताला जबर इजा करू शकतं, पण मेथिमाझोलने गर्भात व्यंग येऊ शकतं, म्हणून गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत प्रोपिलथायोयुरासिलच देतात.

आता तिच्या घशाकडे या. पुरळ किंवा खाज बऱ्याच जणांना येते, ती सहसा निभावते. पण पहिल्या तीन महिन्यांत ताप आणि घसादुखी एकत्र आली, की ॲग्रॅन्युलोसायटोसिसच धरून चाला. गोळी तिथल्या तिथे बंद करायची आणि त्याच दिवशी सीबीसी, डिफरन्शियल काउंटसह. न्यूट्रोफिल ५०० च्या खाली असतील तर तिला दाखल करून शिरेतून अँटिबायोटिक द्यावी लागतात. इथे बरेच विद्यार्थी ‘प्रोपिलथायोयुरासिलवर बदलू’ असं लिहितात. ते चूक आहे. तोच धोका तिथेही आहे.

मग उरतं काय? रेडिओआयोडीन किंवा शस्त्रक्रिया. शस्त्रक्रिया ठरली तर आधी सात ते दहा दिवस ल्यूगॉल द्रावण देतात. जास्त आयोडीन हार्मोन बाहेर पडणं रोखतं आणि ग्रंथीतला रक्तपुरवठा कमी करतं. हा परिणाम दोनेक आठवड्यांत ओसरतो, म्हणून ते लांबवायचं नाही. तोंडात धातूची चव आली, लाळग्रंथी सुजल्या, तर तो आयोडिझम.

रेडिओआयोडीन ठरलं, तर हे आयोडीन द्यायचं नाही. ग्रंथी भरलेली असेल तर आय-१३१ आत शिरणारच नाही. त्याचे बीटा कण एक-दोन मिलिमीटरच जातात, त्यामुळे शेजारची ऊती बहुतांशी वाचते. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईला ते वर्ज्य आहे, आणि डोळ्यांचा आजार त्याने बळावू शकतो.

यानंतर बहुतेकांची ग्रंथी मंदावते. मग लेव्होथायरॉक्सिन, सकाळी उपाशीपोटी. लोह-कॅल्शियमच्या गोळ्या त्यानंतर चार तासांनी. त्याचं अर्धायुष्य सुमारे सात दिवसांचं, म्हणून डोस बदलल्यावर टीएसएच सहा आठवड्यांनी तपासायचं. डोस जास्त झाला तर एट्रियल फिब्रिलेशन होऊ शकतं, हाडं ठिसूळ होतात. म्हाताऱ्या हृदयरोग्याला १२.५ ते २५ मायक्रोग्रॅमनेच सुरुवात करा.