हरवलेल्या चित्राची पॉडकास्ट संहिता

पॉडकास्टच्या श्रोत्याला चित्र दिसत नाही. म्हणून आपण मूळ चित्राविषयी बोलतो आहोत की प्रतीविषयी, हे संहितेतील वाक्यातूनच कळले पाहिजे.

अजिंठ्याचे उदाहरण घ्या. रॉबर्ट गिल यांनी तेथील भित्तिचित्रांच्या केलेल्या प्रती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत बहुतांशी जळाल्या. पुढे जॉन ग्रिफिथ्स व मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील विद्यार्थ्यांनी १८७२ पासून नव्या प्रती केल्या. त्यांतीलही अनेक १८८५ मध्ये लंडनमध्येच आगीत गेल्या. इकडे लेण्यांत मूळ चित्रे झडत होती. चित्र स्पष्ट दिसावे म्हणून त्यांवर फासलेले व्हार्निशही कालांतराने पिवळे पडले. त्यामुळे काही तपशिलांसाठी आज प्रतीचाच आधार उरतो.

समजा, भिंतीवरून झडलेले कमळ प्रतीत आहे. 'राणीच्या हाती कमळ आहे' असे लिहिल्यास ते भिंतीवर शाबूत आहे, असा श्रोत्याचा समज होईल. 'प्रतीत राणीच्या हाती कमळ दिसते. भिंतीवरचा तो भाग आता झडला आहे' असे लिहावे. मात्र झिजलेली रेषा प्रतकार अंदाजानेही पूर्ण करतो. म्हणून 'मुळात कमळच होते' असे ठामपणे लिहू नये.

स्वाध्याय : आपल्या गावातील पुसट झालेल्या एखाद्या भित्तिचित्राविषयी अशी पाच वाक्ये लिहा.